औदुंबर वाचायचाय? आधी कवीचा मृत्यू शोधा

कविता वाचायची सोपी पद्धत सांगतो, कवितेला हात न लावता. बालकवींची 'औदुंबर' घ्या. आठच ओळी आहेत, पण त्यांना घाई नाही. आधी हे पाठ करा की बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय २७. झालं, आता काळा डोह म्हणजे मरण, त्याकडे जाणारी पांढरी पायवाट म्हणजे त्यांची शेवटची वाट आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड म्हणजे खुद्द कवी. कविता १९१८ च्या आधीची आहे हे कुणी म्हटलं तर "कवीला आधीच कळलं होतं" असं म्हणून मोकळं व्हायचं.

एक अडचण मात्र आहे. सातव्या ओळीत लिहिलंय "गोड काळिमा". हा 'गोड' मरणाच्या थिअरीत कुठे बसत नाही, म्हणून तो बोटाने झाकून वाचा. बोट काढल्यावर पण थिअरी टिकली तर ती खरी, पण एवढं चेक करत कोण बसतं हो.

आणि असं पण नाही की चरित्रवाले उगाच रडतात. याच माणसाने 'कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला' लिहिलंय, म्हणजे 'आनंदी आनंद गडे'वाला गोड मुलगा एवढंच त्यांना समजणाऱ्यांना चरित्राने आणि बाकीच्या कवितांनी चांगला धक्का बसतो. पण उदास कवीची प्रत्येक कविता उदासच असते हे मात्र आपण गृहीत धरायचं, तेवढंच वाचायचं काम वाचतं.

हे जमत नसेल तर दुसऱ्या टोकाला जा: कवी नाही, साल नाही, फक्त शब्द. मग मजा येते खरी. नजर लांबच्या टेकडीकडच्या चार घरांपासून शेतमळ्यांतून, पायवाटेने डोहाकडे उतरते, हिरवं निळंसावळं पांढरं काळं असे रंग बदलत जातात आणि झाड येतं अगदी शेवटच्या शब्दात. चरित्रवाल्याला हे दिसत नाही, कारण तो ट्रेनकडे बघत असतो.

फक्त शपथ कडक पाळा हं. औदुंबराखाली दत्ताचं स्थान असतं, त्यामुळे ते झाड आपल्याला बैराग्यासारखं दिसतं, पण हे कवितेत कुठे लिहिलेलं नाही, म्हणजे विसरा. १९२९ मध्ये इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सने छापलं होतं की केंब्रिजच्या पोरांना नावं काढून कविता दिल्या तर ती पोरं साधा अर्थ लावतानाच गडबडली, पण तुम्ही पोरं थोडीच आहात, तुम्ही तर औदुंबराला सरळ 'उंबर, एक झाड' म्हणा आणि पुढे चला.

शेवटी कुणी विचारलंच की "बसला असला औदुंबर" मधला 'असला' म्हणजे कसला, तर चरित्रवाल्यांनी १९१८ सांगायचं, शब्दवाल्यांनी व्याकरण सांगायचं. वरच्या सात ओळी परत वाचायला कुणीच जायचं नाही.