“कंडिशनल गो” ही पळवाट आहे, आणि आज पुन्हा वापरली गेली

आज गेट रिव्ह्यू झाला. टूलिंग रिलीज करायचं की नाही, म्हणजे मोल्डची ऑर्डर द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. बॅटरीच्या थंडीतल्या टेस्टचा रिझल्ट आलेला नव्हता. ज्या रिझल्टवर निर्णय व्हायचा तोच हातात नाही. तरी वीस मिनिटांत निर्णय झाला: “कंडिशनल गो. रिझल्ट दोन आठवड्यांत सबमिट करावा.” सगळे उठले, पुढच्या मीटिंगला गेले.

मी अजून तिथेच अडकून बसलोय. मोल्डची ऑर्डर उद्या सकाळी जाणार. स्टील कापायला सुरुवात होणार. मग दोन आठवड्यांनी रिझल्ट खराब आला तर कोण काय करणार? मिनिट्समध्ये याचं उत्तर नाही. फक्त “सबमिट करावा” आहे. कोणी सबमिट करायचा तेही नाही.

माझ्या यादीतल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी असल्या खोल्यांत बसून हे पाहिलंय, त्यामुळे गेट म्हणजे काय ते समजावत बसत नाही. रॉबर्ट कूपर यांनी 1980 च्या दशकात स्टेज-गेट पद्धत मांडली, त्यात गेटवरचे निकाल साधे होते: गो, किल, होल्ड, किंवा रिसायकल, म्हणजे मागे जाऊन काम पुरं करून या. आपण त्यातल्या शेवटच्या तिन्हींची एकच खिचडी केली आणि तिला कंडिशनल गो म्हणायला लागलो. होल्ड म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. पूर्वी एका कंपनीत होतो, नाव घेत नाही. हातात धरून वापरायचं मोजणीचं उपकरण होतं. IPX7 हवं होतं, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं बुडवलं तरी आत पाणी जाता कामा नये. डबीचे दोन अर्धे भाग, मध्ये खाचेत बसवलेली सिलिकॉनची गॅस्केट, कडेने सहा स्क्रू. टूलिंगच्या गेटच्या आधी पाच प्रोटोटाइप बुडवले. तीन कोरडे निघाले, दोघांत पाणी गेलं.

स्लाइडवर काय आलं? “5 पैकी 3 पास. असेंब्लीतील त्रुटी. कारवाई सुरू.” रंग पिवळा.

टेस्टिंगला एक नवीन मुलगी होती, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. तिने प्रत्येक डबीत टिपकागद ठेवला होता, पाणी कुठून शिरलं ते कळावं म्हणून. दोन्ही गळक्या डब्यांत डाग एकाच जागी होता: लांब बाजूला, दोन स्क्रूंच्या बरोबर मधोमध. रिपोर्टमध्ये फोटो होता. ती मागच्या खुर्चीतून म्हणाली, “सर, डाग दोन्हींत सेम जागी आहे.” कोणीतरी म्हणालं, “हो, नोट करून घेऊ या.” विषय संपला.

विचार करा ना जरा! असेंब्लीची चूक असती तर एकात पाणी कोपऱ्यातून गेलं असतं, दुसऱ्यात भलतीकडून. स्क्रू कमी पिळला गेला, गॅस्केट मुरडली, केस अडकला, या गोष्टी प्रत्येक नगात वेगळ्या जागी होतात. दोन्हीकडे एकाच जागी गळतं तेव्हा ती जागाच चुकलेली असते. इथे स्क्रू एकमेकांपासून फार लांब होते, त्यामुळे मधली भिंत बाहेरच्या बाजूला फुगायची. गॅस्केट साधारण पाव जाडी दाबली जायला हवी, मधोमध ती जेमतेम टेकत होती. एका टिपकागदाने हे सगळं सांगितलं होतं. त्यासाठी आणखी डेटा नको होता, तो फोटो कोणीतरी धड बघायला हवा होता.

आणि त्या तीन पास झालेल्या नगांनी सगळ्यांना धीर दिला हा आणखी वेगळा संताप. अरे, पाचही पास झाले असते तरी त्यावरून काय कळतं? पाच नग, शून्य नापास, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की निदान 55 टक्के नग ठीक असतील. बस, इतकंच. वर ते प्रोटोटाइप सीएनसीवर ठोकळ्यातून कापलेले. कडा एकदम सपाट. मोल्डमधून येणारा प्लास्टिकचा भाग थंड होताना आकसतो आणि लांब भिंत हमखास थोडी वाकते. म्हणजे खरा माल प्रोटोटाइपपेक्षा वाईटच असणार होता. “मोल्डेड पार्टमध्ये सुधारेल” असं त्या खोलीत एकाने ठामपणे सांगितलं, आणि कोणी त्याला “कशामुळे?” असं विचारलं नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मोल्ड आला, पहिले शॉट निघाले, डब्या बुडवल्या. त्याच जागेतून पाणी.

आता मोल्ड म्हणजे काय ते ज्यांनी टूलरूममध्ये उभं राहून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. स्टील काढता येतं, भरता येत नाही. भरायचं म्हणजे वेल्डिंग किंवा नवा इन्सर्ट. दोन स्क्रूंच्या मध्ये आणखी एक स्क्रू टाकायचा ठरला. पण गॅस्केटची खाच त्या स्क्रूच्या आतून वळवायला हवी. पार्टमध्ये खाच असते तिथे मोल्डमध्ये उंचवटा असतो. जुना उंचवटा घासून काढता आला, नवा आणणार कुठून? शिवाय आत त्याच जागी सर्किट बोर्ड. बोर्डला खाच पाडायची म्हणून बोर्डचं ले-आउट नव्याने. बोर्ड बदलला म्हणून आधी केलेल्या काही टेस्ट पुन्हा. बारा आठवडे गेले, पैसे गेले ते वेगळे.

गेटच्या आधी हाच बदल कॅडमध्ये एका दुपारचा होता. नवे प्रोटोटाइप कापून, बुडवून बघायला पाच आठवडे लागले असते. ते पाच आठवडे कोणाला परवडत नव्हते.

बरं, हे काही घडून गेल्यावरचं शहाणपण नाही. हे गणित त्या दिवशी फळ्यावर मांडता आलं असतं. थांबलो तर पाच आठवडे नक्की जातात. पुढे गेलो आणि डिझाइनमध्ये दोष निघाला तर बारा आठवडे, अधिक मोल्डच्या दुरुस्तीचा खर्च, तो चार आठवड्यांच्या उशिराइतका धरू. एकूण सोळा. पाच भागिले सोळा, म्हणजे जवळपास 31 टक्के. दोष डिझाइनमध्ये असण्याची शक्यता तिनात एकापेक्षा कमी वाटत असेल तर पुढे जा, जास्त वाटत असेल तर थांबा. आता एकाच जागी पडलेले दोन डाग बघून सांगा, तिनात एकापेक्षा कमी वाटते का? आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. निदान भांडण कशावर आहे ते तरी कळलं असतं. त्याऐवजी चर्चा झाली ती “आतापर्यंत आपण इतका खर्च केलाय” यावर. झालेला खर्च गेला. तो गेटवर मोजायचाच नसतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मान्य आहे, प्रत्येक वेळी सगळे रिझल्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसता येत नाही. काही वस्तू मागवल्यावर यायलाच महिने लागतात, त्या आधी मागवाव्याच लागतात. आणि मोल्डमध्ये शंकेच्या जागी स्टील जास्त ठेवून घेता येतं, म्हणजे नंतर कापून जुळवता येतं. ठीक आहे. पण त्यासाठी शंका कुठे आहे ते आधी कबूल करायला लागतं, आणि पिवळ्या रंगात ती दिसत नाही.

एवढं टाइप करताना राग थोडा उतरलाय, म्हणून हेही लिहितो. नाही कोणी का म्हणत नाही ते मला कळतं. गेटवर “थांबा” ऐकलं की टीमला वाटतं आपण नापास झालो. वर्षभर रात्री जागून केलेलं काम, घरच्यांना दिलेली कारणं, आणि समोर बसलेला माणूस म्हणतो अजून नाही. त्यांचे चेहरे बघवत नाहीत, खरंच. म्हणून मोठी माणसंही सगळ्यांचं मन राखायला कंडिशनल गो देतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण मग बारा आठवडे मोल्ड दुरुस्त करायला शनिवार-रविवार कोण येतं? तीच टीम. त्या उपकरणाच्या वेळी तीच माणसं आली, आणि टिपकागद ठेवणारी ती मुलगीही आली, पुन्हा डब्या बुडवायला. तिला एका शब्दाने कोणी म्हणालं नाही की तुझं बरोबर होतं. हे मला आजही सहन होत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी त्याहून बिघडलेली आहे. गेटकीपर म्हणून बसतात त्यातल्या निम्म्यांच्या हातात ना माणसं असतात ना पैसे. ते “गो” म्हणतात, पण त्याने त्यांचं काहीच खर्च होत नाही. “गो” म्हणजे मी माझ्या बजेटमधून इतके पैसे आणि इतकी माणसं पुढच्या गेटपर्यंत दिली, असा अर्थ असायला हवा. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला मत असू द्या, मतदान कशाला?

आज मी मिनिट्सला होकार दिलेला नाही. उत्तरात चार गोष्टी मागितल्यात. बॅटरीच्या टेस्टची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. तारीख. पास म्हणजे नेमकं काय, किती तापमानाला किती तास, तो आकडा रिझल्ट यायच्या आधी लिहिलेला. आणि तारखेला तो आकडा आला नाही तर मोल्डचं काम त्याच दिवशी थांबेल, त्यासाठी नव्याने मीटिंग बोलवायची गरज नाही, हे वाक्य. तोपर्यंत टूलरूमला फक्त स्टील मागवायला सांगा, कापायला नको, असंही लिहिलंय. स्टील पडून राहिलं तरी दुसऱ्या कामाला लागतं.

अजून उत्तर आलेलं नाही. उद्या सकाळी ऑर्डर जायच्या आधी फोन करणार आहे. ज्यांना पटतंय आणि जे त्या टेबलावर बसतात, त्यांनी आपापल्या शेवटच्या तीन गेटचे मिनिट्स काढून बघा. किती अटी टाकल्या होत्या, आणि त्यातली एक तरी पुढच्या गेटवर कोणी मोठ्याने वाचली का, ते खाली लिहा.