लिंकला घाबरू नका, अटॅचमेंटचा हिशेब नीट करा

"मेलला २५ एमबीची लिमिट आहे, म्हणजे २४ एमबीपर्यंतची फाइल बिनधास्त जोडा. मोठी असेल तर झिप करा, निम्मी होते. सेंटमध्ये दिसली की पोचली. लिंक मात्र कधीच पाठवू नका, लिंक म्हणजे आपली फाइल सगळ्या जगाला उघडी."

सांगली-मिरजेच्या डीटीपीवाल्यांच्या आणि पतसंस्थांच्या ग्रुपवर हा मेसेज ऑगस्ट-सप्टेंबरात हमखास फिरतो. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, अहवाल छापून सभासदांपर्यंत जायचा असतो, आणि त्याच घाईत मोठ्या फायली इकडून तिकडे जातात. यातली पहिली तीन वाक्यं चुकीची आहेत. चौथ्यात थोडं तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान करतो.

विश्रामबागेतली एक पतसंस्था घ्या. ६४ पानांचा अहवाल, संचालकांचे फोटो, ताळेबंद, मागे जाहिराती. छपाईसाठी काढलेली पीडीएफ २१ एमबीची. ऑफिसातल्या मॅडमनी ती जीमेलवरून मिरजेच्या प्रेसला पाठवली. दुसऱ्या दिवशी प्रेसमधून फोन: "मॅडम, मेल आलाच नाही की ओ." "अहो, सेंटमध्ये दिसतोय की!" दोघंही खरं बोलत होते.

ईमेल मुळात साध्या मजकुरासाठी बनला. फोटो किंवा पीडीएफ त्यातून थेट जात नाही. ती आधी अक्षरांमध्ये बदलावी लागते. १९९२ साली ठरलेली ही पद्धत आजही चालते, तिचं नाव बेस६४. तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार अक्षरं करायची. म्हणजे फाइल जोडल्याबरोबर एक तृतीयांशाने फुगते. शिवाय दर ७६ अक्षरांनंतर ओळ मोडते, त्याची थोडी भर पडते. सगळं धरून फाइलचा आकार साधारण १.३७ पट होतो. आपल्या २१ एमबीच्या पीडीएफचा मेल झाला २९ एमबीच्या आसपास, आणि २४ एमबीच्या फाइलचा होईल ३३. समोरचा सर्व्हर हा फुगलेला आकार मोजतो. कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून दिसतो तो आकडा त्याच्या हिशेबात येत नाही.

आणि २५ हा आकडा जीमेलचा आहे. जीमेल पाठवताना तेवढं जोडू देतं आणि घेताना ५० एमबीपर्यंतचा मेल घेतं, म्हणून जीमेलवरून जीमेलला पाठवताना कुणाला अडचण जाणवत नाही आणि असे मेसेज खरे वाटतात. प्रेसचा पत्ता मात्र स्वतःच्या डोमेनचा होता, एका होस्टिंगवाल्याकडचा. अशा ठिकाणी बरेचदा पोस्टफिक्स नावाचं मेल सॉफ्टवेअर असतं आणि कुणी बदलली नसेल तर त्याची मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते, म्हणजे जेमतेम १० एमबी. फुगवटा धरला तर त्यात सात एमबीची फाइल मावते, आठची नाही. मधे कुठे मेल फॉरवर्ड होत असेल तर वाटेतल्या सगळ्या सर्व्हरांपैकी ज्याची मर्यादा सगळ्यात लहान, तीच आपली मर्यादा. त्यामुळे आपल्या मेलची लिमिट माहीत असणं पुरेसं नाही. समोरच्याचा पत्ता जीमेलचा आहे की स्वतःच्या डोमेनचा, हे आधी पाहायचं.

सेंटमध्ये दिसण्याचा अर्थ एवढाच, की मेल आपल्या बाजूच्या सर्व्हरने स्वीकारला. मेल पुढच्या सर्व्हरकडे जातो तेव्हा तो सर्व्हर सुरुवातीलाच सांगतो की माझ्याकडे एवढंच मावतं, आणि मोठा मेल असेल तर फाइल न घेताच परत पाठवतो. मॅडमच्या बाबतीत घडलं ते असं:

```
250-SIZE 10240000
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

यातली दुसरी ओळ असलेला मेल Mail Delivery Subsystem या नावाने संस्थेच्या इनबॉक्समध्ये आलेला होता. संस्थेचा मेल तिघंजण उघडतात, आणि इंग्रजी नाव बघून तो कुणीतरी जाहिरात समजून सोडून दिला. म्हणून मोठी फाइल पाठवल्यावर पाच मिनिटांनी सेंट नाही, इनबॉक्स बघा, स्पॅमही बघा. 552 हा आकडा आणि size हा शब्द दिसला की फाइल मोठी झाली. 550 दिसला तर बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो किंवा मेल नाकारलेला असतो. तिथे फाइल लहान करून उपयोग नाही.

मग मॅडमनी मेसेजमधला दुसरा सल्ला पाळला आणि झिप केली. २१ ची झाली २०.६. असं होणारच. झिप फाइलमधली पुनरावृत्ती शोधून ती दाबते. जेपीजी फोटो, एमपीथ्री, व्हिडिओ आणि फोटोंनी भरलेली पीडीएफ आधीच दाबलेली असते, तिच्यात दाबायला काही उरलेलं नसतं. वर्ड आणि एक्सेलच्या docx, xlsx फायली तर आतून झिपच असतात. निम्मी किंवा त्याहून लहान होते ती साध्या मजकुराची फाइल, सीएसव्ही किंवा न दाबलेली बीएमपी. झिपचा खरा उपयोग वेगळा: चाळीस फोटो एका फाइलमध्ये बांधायला ती उत्तम. एक काळजी मात्र घ्या, झिपला पासवर्ड घालून जीमेलवरून पाठवू नका. आत काय आहे ते तपासता येत नाही म्हणून तसा मेल अडू शकतो.

मग कुणीतरी सुचवतं, पीडीएफचे तीन तुकडे करून तीन मेल करा. सात-सात एमबीचे तुकडे प्रेसच्या मर्यादेत कसेबसे बसतातही. पण तुकडे जोडण्याचं काम प्रेसवर पडतं, एखादा मेल मागे राहतो, आणि ताळेबंदाची दोन पानं आधी-नंतर झाली तर प्लेट निघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे फोटोंचं रिझोल्यूशन उतरवून पीडीएफ लहान करणं. प्रूफ वाचायला हे अगदी योग्य आहे, १५० डीपीआयवर अध्यक्षांचं मनोगत छान वाचता येतं. छपाईला मात्र ३०० डीपीआय लागतं. लहान केलेली फाइल छापायला गेली तर फोटो फुटतात, आणि हजार प्रती निघाल्यावर त्याला इलाज नाही. तेव्हा प्रूफ मेलला जोडा आणि छपाईची फाइल लिंकने द्या.

आता लिंक. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवली की ती आपोआप कुणाला दिसत नाही. शेअरच्या खिडकीत General access च्या खाली सुरुवातीला Restricted असतं, म्हणजे आपण ज्यांचे मेल पत्ते घातले त्यांनाच ती उघडते. Anyone with the link हा पर्याय निवडला तरच लिंक असलेल्या कुणालाही उघडते. तीसुद्धा शोधून सापडत नाही, कारण लिंकमध्ये अंदाज न करता येणारी लांबलचक अक्षरं असतात. पण एकाने दुसऱ्याला फॉरवर्ड केली की तिसऱ्यालाही उघडते, आणि आपल्याला कळत नाही. मेसेजमध्ये तथ्य आहे ते एवढंच. अटॅचमेंट तरी काय वेगळी? ती फॉरवर्ड झाली तर परत घेता येत नाही, लिंक निदान बंद करता येते.

लोकांचा लिंकवरचा विश्वास उडतो तो मात्र उलट कारणाने. मॅडमनी शेवटी फाइल ड्राइव्हवर चढवली, Restricted ठेवून प्रेसचा पत्ता घातला. प्रेसला पाटी दिसली You need access. कारण तो पत्ता गूगल खात्याचा नव्हता, आणि तिथला कॉम्प्युटर भलत्याच जीमेलने उघडलेला होता. परवानगी मागणारा मेल परत संस्थेकडे, तोवर मॅडम घरी. असं झालं की लोक वैतागतात आणि सगळं Anyone with the link करून ठेवतात, तेही Editor म्हणून. Editor दिलं की लिंक असलेला माणूस त्याच जागी दुसरी फाइल चढवू शकतो. प्रेसला कधीही Viewer पुरेसं असतं, त्यात डाउनलोड होतं.

अहवाल तसाही सभासदांना वाटायचाच असतो. तो आठवडाभर Anyone with the link आणि Viewer ठेवला तर बिघडत नाही. त्याच्यासोबत जाणारी सभासदांची नावं-पत्ते-मोबाइलची यादी मात्र तशी कधीच ठेवू नका. तिच्यासाठी प्रेसकडून जीमेलचा पत्ता मागून घ्या आणि त्यालाच परवानगी द्या. पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. अहवालाची लिंक तिथे उघडली पाहिजे, यादीची उघडता कामा नये. एवढी एक तपासणी केली तर दुसऱ्या दिवशीचा फोन वाचतो.

प्रेसच्या बाजूलाही एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. लिंक उघडल्यावर दिसतं ते चित्र म्हणजे फक्त झलक. तिथूनच प्रिंट काढू नका, वरच्या बाणाने डाउनलोड करा. फाइल १०० एमबीच्या वर गेली तर गूगल व्हायरस तपासू शकत नाही अशी सूचना येते. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल येणार हे आधी ठरलेलं असेल तर पुढे जायला हरकत नाही. अनोळखी पत्त्यावरून अचानक आलेली ड्राइव्हची लिंक मात्र फोन करून विचारल्याशिवाय उघडायची नाही. खोट्या लिंकवर पासवर्ड मागणारे लोक खरंच असतात.

लिंकचा एक दोष मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल तो मेसेज काहीच बोलत नाही. अटॅचमेंट पाठवली त्या क्षणाची असते. लिंकमागची फाइल बदलू शकते. Manage versions मधून नवी पीडीएफ चढवली की लिंक तीच राहते आणि आतला मजकूर बदलतो. ऑडिटरनी शेवटच्या दिवशी एक आकडा दुरुस्त केला तर ही सोय वाटते. पण प्रेसने सकाळीच डाउनलोड केली असेल तर जुनाच आकडा छापून येतो. म्हणून दुरुस्ती झाली की जुन्या फाइलवर नवी चढवू नका. नावात तारीख घालून वेगळी फाइल आणि वेगळी लिंक द्या, आणि मेलमध्ये लिहा: "१२ सप्टेंबरची फाइल, ६४ पानं, २१ एमबी, पान ३७ वर दुरुस्ती, आधीची बाद." प्रेसवाला डाउनलोड केल्यावर पानं आणि एमबी जुळवून बघतो. जुन्या फाइलचं शेअरिंग लगेच बंद करा, म्हणजे Restricted करून प्रेसचा पत्ताही काढा, मग जुनी लिंक चुकूनही उघडणार नाही. नुसती ट्रॅशमध्ये टाकून भागत नाही, तिथे ती ३० दिवस राहते आणि तोवर ज्यांना दिली त्यांना उघडू शकते. नवी फाइल मात्र प्रती हातात येईपर्यंत हलवू नका, कारण प्लेट खराब झाली तर प्रेसला तीच लिंक पुन्हा लागते.