वीत आणि चार बोटं

लग्नाला चार महिने झाले आणि आम्ही गाडी बघायला निघालो. नवऱ्याची उंची सहा फूट, माझी पाच फूट एक इंच. लग्नाच्या फोटोंमध्ये ही गोष्ट गोड दिसते. ड्रायव्हरच्या सीटवर काय होतं, ते तीन शोरूम फिरल्यावर कळलं.

निघताना आमच्याकडे एक यादी होती. खरं तर यादी त्याची होती आणि मी मान डोलावली होती. मोठा स्क्रीन, सनरूफ, चांगला पिकअप, डिकीत दोन मोठ्या बॅगा. माझं म्हणून त्यात फक्त ‘रंग’ होता, तोही त्यानेच लिहिलेला.

पहिल्या शोरूममधली गाडी दारातूनच आवडली. आख्खं छप्पर काचेचं, डॅशबोर्डवर टीव्हीएवढा स्क्रीन, पुढच्या सीट रेसिंगच्या गाडीसारख्या, डोकं टेकायचा भाग पाठीला जोडूनच आलेला. तो आत बसला आणि केस छताला टेकले. सनरूफची चौकट आणि सरकता पडदा छताच्या आत बसवावा लागतो, त्यात डोक्यावरची काही सेंटिमीटर जागा जाते. मधल्या उंचीच्या माणसाला ते जाणवतही नाही. सहा फुटी माणूस मात्र मान किंचित वाकवून बसतो आणि वर म्हणतो, ‘छान आहे की!’ शिवाय त्या जोडून आलेल्या हेडरेस्टचा वरचा काठ त्याच्या कानाच्याही खाली येत होता. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे ढकललं जातं आणि डोकं मागे राहतं. ते मागे फेकलं जाऊ नये म्हणून हेडरेस्ट असतं, मान टेकून आराम करायला नव्हे. त्याचा काठ साधारण डोक्याच्या माथ्यापर्यंत यायला हवा. आणि हे वर ओढताच येत नव्हतं.

मग मी बसले. क्लच तळापर्यंत दाबून बघितला, कारण क्लासमध्ये मॅडमनी पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तेवढं होईपर्यंत मी सीट पुढे घेत गेले. खट्, खट्, खट्. शेवटी पाय पोचला, पण स्टिअरिंग जवळजवळ छातीला टेकलं. मॅडमचं दुसरं वाक्य आठवलं. स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅग असते, तिथपासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. पुरेसं अंतर असेल तर तुम्ही फुगलेल्या पिशवीवर जाऊन आदळता. फार जवळ असाल तर फुगणारी पिशवीच तुमच्यावर आदळते.

शोरूममध्ये पट्टी कुठून आणणार? मी हात लावून बघितला. माझी वीत १८ सेंटिमीटरची आहे, घरी पट्टीवर मोजलेली, आणि चार बोटं जोडून साधारण सात. म्हणजे वीत आणि चार बोटं. या गाडीत नुसती वीतसुद्धा बसत नव्हती.

‘मॅडम, स्टिअरिंग ॲडजस्ट होतं ना,’ सेल्सचा मुलगा म्हणाला. झालं, पण फक्त वर-खाली. त्याला टिल्ट म्हणतात. त्याने एअरबॅगचं तोंड चेहऱ्याऐवजी छातीकडे वळवता येतं, पण अंतर वाढत नाही. मला हवं होतं ते आत-बाहेर सरकणारं, म्हणजे टेलिस्कोपिक. ते या गाडीत नव्हतंच. मग तो म्हणाला, ऑटोमॅटिक घ्या, क्लचचा प्रश्नच मिटेल. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण ऑटोमॅटिकमध्येही ब्रेक असतोच, आणि अडीअडचणीला तो जीव खाऊन तळापर्यंत दाबावा लागतो. सीट कुठे ठेवायची हे मग ब्रेक ठरवतो, एवढाच फरक. सीटवर उशी घेऊन बसा, असाही सल्ला मिळाला. मऊ उशी धडकेत चेपते, अंग पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि कमरेच्या हाडांवर असायला हवा तो पट्टा पोटावर चढतो. सासऱ्यांच्या जुन्या गाडीत मी दोन महिने अशीच उशी घेऊन बसत होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या शोरूममधली गाडी उंच होती आणि नवरा तिच्या प्रेमात पडला. छताला डोकं लागत नव्हतं, इंजिन दमदार. मलाही आत चढल्यावर राणीसारखं वाटलं, खोटं का बोलू. सीट वर-खाली होत होती, खांद्याच्या पट्ट्याची उंचीही खांबावर कमी करता येत होती. पहिल्या गाडीत तो पट्टा माझ्या गळ्याला घासत होता. इथे तो नीट कॉलरबोनच्या मधोमध आला.

मग मी नवऱ्याला बॉनेटसमोर उभं केलं आणि म्हटलं, ‘खाली बस.’

‘म्हणजे?’

‘उकिडवा बस. पाच वर्षांचं पोर समज स्वतःला.’

तो बसला आणि गायब झाला. दोन पावलं मागे सरकायला सांगितलं, तरी गायब. आणखी दोन पावलांनंतर त्याचे केस दिसले. सेल्सचा मुलगा हसत होता, पण मला हसू येईना. बॉनेट उंच आणि सपाट, मी बुटकी. सीट सगळ्यात वर घेऊनही एवढंच. रिव्हर्स कॅमेरा होता, पण तो मागचं दाखवतो. माझं पोर पुढे बसलं होतं.

दुसरी गोष्ट टेस्ट ड्राइव्हमध्ये कळली. समोरच्या काचेच्या कडेचा खांब, ज्याला ए-पिलर म्हणतात, तो इथे चांगला जाड होता. जाडीला कारण आहे: गाडी उलटली तर छत तोलायचं असतं आणि बऱ्याचदा पडद्याची एअरबॅगही त्यातूनच जाते. पण पुढे सरकून बसणाऱ्या माणसाच्या डोळ्याजवळ तो खांब आणखी जाड होतो. वळणावर रस्ता ओलांडणारा एक सायकलवाला त्या खांबाआड गेला आणि मी डोकं पुढे-मागे केल्यावर परत दिसला. तेवढ्या वेळात मी वळायला सुरुवात केली होती. नवरा शेजारच्या सीटवर होता, त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं. ‘अगं, दिसला नाही का?’ असं तो ज्या सुरात म्हणाला, त्या सुराची किंमत त्याला पार्किंगमध्ये मोजावी लागली.

तिथे तो म्हणाला, ‘पण तू कधीतरीच चालवणार ना.’

बास. हेच ते भांडण. सगळं लिहीत नाही, पण मी विचारलं की कधीतरी म्हणजे कधी? मागच्या महिन्यात तुझी पाठ धरली होती तेव्हा आठ दिवस कोण चालवत होतं? रात्री बाबांना दवाखान्यात कोणी नेलं? तो गप्प झाला. मग बराच वेळ मीही गप्प. शेवटी त्याने यादीचा कागद खिशातून काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘दोघांना बसता आलं पाहिजे.’ अक्षर वाईट होतं, पण आमच्या घरासाठी लिहिलेली पहिली यादी मी तीच मानते.

तिसऱ्या शोरूममध्ये आम्ही गाडीभोवती फिरलोच नाही, थेट आत बसलो. गाडी दिसायला अगदीच सरळमार्गी. स्क्रीन छोटा, छप्पर पत्र्याचं, एसीला गोल फिरवायची बटणं. नंतर लक्षात आलं, ती बटणं रस्त्यावरची नजर न हलवता हाताला सापडत होती.

मी सीट पुढे घेतली, लिव्हरने चार वेळा वर उचलली, क्लच तळापर्यंत दाबला. गुडघा वाकलेलाच. स्टिअरिंगखालचा खटका सोडून ते आत ढकललं. छातीपाशी हात लावला: वीत, चार बोटं आणि वर थोडी जागा. पाठ सीटला टेकवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या काठावर आलं. ही मॅडमची तिसरी खूण: खांदा न उचलता मनगट तिथे पोचलं पाहिजे. नवरा न सांगता बॉनेटसमोर जाऊन उकिडवा बसला. दुसऱ्याच पावलाला त्याचं डोकं दिसलं.

मग तो बसला. सीट नऊ खाचा मागे, तळाला खाली, स्टिअरिंग बाहेर ओढून. हेडरेस्ट शेवटच्या खाचेपर्यंत वर ओढलं तेव्हा माथ्याच्या जवळ आलं. मग सीट तशीच ठेवून तो मागे जाऊन बसला, स्वतःच्याच पाठीमागे. गुडघे पुढच्या सीटला लागत होते, पण रुतत नव्हते. मागे बसणारे बहुतेक आमचे आई-बाबाच असणार, त्यांच्यापैकी कोणी सहा फुटी नाही. चालेल.

एक फसगत मात्र थोडक्यात टळली. शोरूममध्ये उभी असते ती बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या व्हेरिएंटची गाडी, टेस्ट ड्राइव्हची पण तीच. आम्ही बुक करायला निघालेल्या मधल्या व्हेरिएंटमध्ये सीट वर-खाली होत नव्हती आणि स्टिअरिंग फक्त टिल्ट होतं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरच्या बारीक तक्त्यात ते लिहिलेलं होतं, अलॉय व्हील आणि कपहोल्डरच्या मधे. मला राग याचाच येतो. ज्याच्यावर एअरबॅगपासूनचं माझं अंतर ठरतं ती गोष्ट चैनीच्या वस्तूंच्या ओळीत कशी? आणि धडक चाचणीच्या तारका? त्या कामाच्या आहेत, मी बघतेच. पण चाचणीत बाहुली ठरलेल्या मापाची असते आणि ठरलेल्या पद्धतीनेच बसवलेली असते. माझी वीत तिथे कोणी मोजलेली नसते.

आम्ही एक पायरी वरचं व्हेरिएंट घेतलं आणि बजेटसाठी ॲक्सेसरीजची सगळी यादी कापली. गाडीत काही उणं नाही असं अजिबात नाही. हायवेवर इंजिन ओरडतं, डिकीचा काठ उंच आहे त्यामुळे जड बॅग उचलून टाकावी लागते, आणि नवरा अजून पहिल्या गाडीच्या स्क्रीनचे व्हिडिओ बघतो.

फ्रिजवर आता एक चिठ्ठी आहे: ‘ती – पुढून तिसरी खाच, लिव्हर चार. तो – बारावी खाच, लिव्हर शून्य. आरसे बघ!’ काल सकाळी तो घाईत तसाच आत शिरला. गुडघा स्टिअरिंगच्या खाली आपटल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.