आजी-आजोबांसाठी लिहिलेली चिठ्ठी

लेक ९ वर्षांची आहे, टाइप वन डायबिटीस. ट्रेनिंगसाठी मला दोन दिवस बाहेर जायचं होतं म्हणून तिला परभणीजवळ गावाकडं आई-अण्णांपाशी ठेवलं आणि वहीच्या पानावर चिठ्ठी लिहून फडताळाच्या दारावर चिकटवली. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवायच्या आधी, संध्याकाळी जेवायच्या आधी, झोपताना आणि रात्री २ ला शुगर तपासायची. रात्रीचं अण्णांनी स्वतःहून घेतलं, त्या आठवड्यात शेतातली लाईट रात्रीची होती, मोटारीसाठी ते उठणारच होते. खाली लिहिलं, ७० च्या खाली आलं की लगेच गोड द्या.

ते "गोड द्या" लिहिलं तिथंच माझं चुकलं.

पोरगी संध्याकाळपर्यंत अंगणात खेळायली होती, घामानं ओली, एरवी बडबड करणारी एकदम गप्प बसली. आईला वाटलं उन्हानं झालं असेल, पण अण्णांनी तपासलं तर ५८. आईनं चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं पेढा दिला. १५ मिनिटांनी परत तपासलं तर ६१. पेढ्यात साखर असते पण खव्याची स्निग्धता असल्यानं ती रक्तात हळूहळू उतरते, आणि लेकराला तर तेव्हाच्या तेव्हा पाहिजे असते. अण्णांनी फोन केला, मी म्हणलं, ग्लुकोज पावडरचे दोन सपाट चमचे अर्ध्या ग्लास पाण्यात द्या (हे माप डॉक्टरनी तिच्या वजनावरून दिलंय, प्रत्येक लेकराचं वेगळं असतं). अजून १५ मिनिटांनी ९४. मग अर्धी भाकरी खाल्ली, कारण जेवायला अजून दीड तास होता.

त्या १५ मिनिटांत आई तीनदा म्हणली, "माय, अजून थोडं देऊ का गं, लेकरू पांढरं पडलंय." तिचा जीव मला कळतो, पण तेवढा वेळ थांबायचंच, नाहीतर पुढं शुगर २५०-३०० वर जाते.

घरी आल्यावर चिठ्ठी परत लिहिली, मोठ्या अक्षरात. शुगर लो असताना पेढा, चॉकलेट, दूध नको. ग्लुकोजचा डबा आणि तोच चमचा फडताळात खालच्या कप्प्यात. बोट आधी धुवायचं, गुळाचा हात असला तर आकडा खोटा जास्त येतो. घाम आला की ऊन म्हणून सोडायचं नाही, आधी तपासायचं. आणि लाल पेनानं, पोरगी शुद्धीत नसेल, गिळत नसेल, झटके आले तर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, फ्रीजमधलं शुगर वाढवायचं ग्लुकागॉन इंजेक्शन मांडीत द्यायचं, १०८ ला फोन.

ग्लुकागॉन कसं द्यायचं ते अण्णांना जुन्या, तारीख संपलेल्या किटवर दोनदा करून दाखवलं. आईनं नुसतं बघितलं, हात लावला नाही. दिवाळीला जाईन तेव्हा तिच्याच हातानं करून घेणार आहे, कारण अण्णा दिवसभर शेतात असतात आणि घरात लेकरापाशी तीच असते.