अकरा मिनिटांचा अर्धा दिवस

आमच्या कंपनीत सकाळची वेळ मिनिटांत मोजतात आणि संध्याकाळची मोजतच नाहीत. साडेनऊला थंब लावायचा, दहा मिनिटं सवलत, नऊ एकेचाळीसला लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस गुल. सीएल शिल्लक असेल तर त्यातून, नसेल तर थेट पगारातून. संध्याकाळी आठला निघालं तर यंत्र फक्त 'धन्यवाद' म्हणतं.

त्यातून ते यंत्र डोंबिवलीकरांच्या वाईटावर असल्यासारखं वागतं. पावसाळ्यात ओलं बोट त्याला चालत नाही. बोट शर्टाला पुसून, फुंकर मारून, चौथ्यांदा टेकवेपर्यंत चाळीसचे एकेचाळीस होतात. मागे उभी असलेली माणसं यंत्राला नाही, मला शिव्या देतात.

मागच्या महिन्यात अकाउंट्समधल्या सानेकाकांचा अर्धा दिवस गेला. सीएल आधीच नातवाच्या बारशात संपलेली, म्हणून कात्री पगाराला लागली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "पॉलिसी आहे, काका." काकांनी जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणाशेजारी कागद पसरला. पगार ३१,२०० रुपये, दिवस २६, म्हणजे रोजचे १,२००. कामाचे आठ तास, म्हणजे तासाला १५०. तीन दिवसांचा उशीर बारा, सतरा आणि अकरा मिनिटं, एकूण चाळीस. चाळीस मिनिटांचे झाले १०० रुपये. कापले ६००.

"आता हे वरचे ५०० कशाचे, ते सांग," काका मला म्हणाले. जसा काही मीच कापले होते.

खरी गोम इथेच आहे. गैरहजेरीबद्दल पगार कापता येतो, पण जितका वेळ माणूस नव्हता तितक्याच प्रमाणात, त्याहून जास्त नाही. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९मध्ये हे होतं. त्या कायद्याला अलीकडे महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, म्हणून काकांसारखे लोक त्याच्या बाहेर पडायचे. २१ नोव्हेंबर २०२५ला वेतन संहिता लागू झाली, मर्यादा गेली आणि तीच तरतूद कलम २० म्हणून आली. काका चाळीस मिनिटं गैरहजर होते. उरलेल्या वेळात ते खुर्चीत बसून कंपनीचा जीएसटी भरत होते. त्यांना 'अर्धा दिवस गैरहजर' म्हणायचं, तर त्या अर्ध्या दिवसात रिटर्न भरला कोणी?

मग ते ५०० दंड म्हणायचे का? दंडालाही कायद्यात जागा आहे, पण कोणत्या चुकांना दंड, त्याची यादी आधी सरकारी मंजुरीने लावायला हवी. माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. महिन्याचा दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. काकांच्या बाबतीत ती मर्यादा ९३६ रुपये, म्हणजे रक्कम बसते, पण बाकी काहीच बसत नाही. वर दंडाची नोंदवही ठेवायची आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्चायचा. आमच्या नोटीस बोर्डावर गेल्या दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेचा निकाल आहे.

(गैरहजेरीच्या त्या कलम २०मध्येच एक गंमत आहे. दहा किंवा अधिक जणांनी संगनमताने, सूचना न देता, सबळ कारणाशिवाय दांडी मारली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. आमच्या लोकलच्या डब्यातून रोज दहाहून जास्त जण एकत्र उशिरा येतात. पण तिथे संगनमत रेल्वेचं असतं.)

पैशांऐवजी नुसती सीएल कापली तर मात्र कंपनीची बाजू इतकी लंगडी नसते. रजा म्हणजे पगार नव्हे, त्यामुळे प्रमाणाचा नियम तिथे सरळ लागत नाही. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतही उशिराबद्दल अर्धी सीएल वजा करतात. महिन्यातून दोनदा, तासाभरापर्यंतचा उशीर, कारण अपरिहार्य असेल तर साहेब माफ करू शकतात. पण तो त्यांच्या नोकरीचा नियम, तो उचलून खाजगी कंपनीला डकवता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ सीएल दिल्या आहेत. त्या कायद्याने दिलेल्या, मॅडमनी नव्हे. त्यांना हात लावला तर भांडायला जागा आहे. कंपनीने वर खुशीने दिलेल्या रजा आणि नेमणूकपत्रात तशी अट असेल, तर काकांनी फार आवाज करू नये, असं माझं मत आहे.

काकांनी आवाज केलाच. ईमेलमध्ये एकच ओळ: "दंडाची नोंदवही पाहायला मिळेल का?" दोन दिवस शांतता. मग ५०० रुपये परत आले, 'तांत्रिक दुरुस्ती' या नावाने, आणि पाठोपाठ परिपत्रक. सततचा उशीर ही गैरवर्तणूक धरून आधी समज, मग लेखी इशारा, मग चौकशी. हे कायद्याला धरून आहे, त्याबद्दल काकांचीही तक्रार नाही.

फक्त समज देण्याची बैठक रोज सकाळी सव्वानऊला ठेवली आहे.