केनियाच्या सहलीवरचा तो मेसेज

«आफ्रिकेला सफारीला जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचे. १) केनियात यलो फीव्हरची लस कुणीही विचारत नाही, ट्रॅव्हलवाले उगाच घाबरवतात. २) घ्यायचीच असेल तर फॅमिली डॉक्टरकडून निघायच्या आदल्या दिवशी घ्या आणि सही-शिक्का मारून घ्या. ३) जुने कार्ड १० वर्षांनी बाद होते, परत लस घ्यावी लागते. ४) साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की सोडतात. ५) काहीच नसेल तर मुंबई विमानतळावर दंड भरून सुटका होते. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.»

आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब ऑगस्टमध्ये मसाई मारा बघायला निघालंय, म्हणून त्याला जोर चढला. मी मर्चंट नेव्हीत होतो. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, औषधांचं कपाट आणि लोकांची लसीची पुस्तकं बहुधा सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असतात. ते काम मी बरीच वर्षं केलं, म्हणून लिहितोय.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि गोची त्यामुळेच होते. मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनिया लस घेतल्याचा दाखला मागत नाही, कारण भारतात यलो फीव्हर नाही. केनिया तो मागतो या रोगाची जोखीम असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे. पण केनिया स्वतःच त्या जोखमीच्या यादीत आहे. तेव्हा विचारणारा आहे आपला देश, आणि तो विचारतो परतताना. जोखमीचा देश सोडल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे वैध दाखला नसेल, तर त्याला वेगळं ठेवता येतं. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून सूट नाही. हा कायदा काही कालचा नाही, विमानप्रवाशांसाठीचे सार्वजनिक आरोग्य नियम १९५४ सालचे आहेत.

आपण एवढे कडक का, याचं कारण आपल्याच बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीत सापडेल. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास यलो फीव्हरही पसरवतो. आपल्याकडे डास आहे, लोकांना लस नाही आणि विषाणू अजून आलेला नाही. तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या वेळी त्याला इथला डास चावला की साखळी सुरू व्हायला बाकी काही लागत नाही. अमेरिका किंवा ब्रिटनने नाही विचारलं तरी आपण विचारतो, ते यासाठी.

याच मुद्द्यात एक पोटभेद आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. जोहान्सबर्गला किंवा युरोपला अदिस अबाबामार्गे जाणारे म्हणतात, आम्ही इथियोपियात गेलोच नाही, नुसतं विमान बदललं. पूर्ण वेळ विमानतळाच्या आतच होतात आणि आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलं, तर सूट मिळते. पण विमान दुसऱ्या दिवशी आहे म्हणून कंपनीने शहरातलं हॉटेल दिलं आणि तुम्ही इमिग्रेशनचा शिक्का घेऊन बाहेर झोपायला गेलात, की तुम्ही इथियोपियातून आलेले प्रवासी झालात. परतीच्या तिकिटावर अदिसचा मुक्काम लांब असेल तर हे बुकिंग करतानाच बघायचं.

दुसरा मुद्दा पैसे आणि सुट्टी दोन्ही बुडवणारा आहे. दाखला चालतो तो केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्राचाच. त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. ठाणे-नवी मुंबईकरांना बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते, तिथे विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना हे काम करतात. लसीची कुपी अनेक डोसांची असते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे केंद्रं ठरावीक वारी, माणसं जमवून लस देतात. मंगळवारी विमान आणि सोमवारी लस, असं मनाला येईल तसं जमत नाही.

आणि जमलं तरी उपयोग नाही, कारण दाखला लसीनंतर १० दिवसांनी वैध होतो. तिसऱ्या मजल्याचीच तारीख घेऊ. ते ८ ऑगस्टला निघणार, १६ च्या रात्री नैरोबी सोडून १७ च्या सकाळी मुंबईत. ५ ऑगस्टला लस घेतली तर दाखल्याच्या पुस्तिकेत वैधतेची तारीख येईल १५ ऑगस्ट. जाताना दाखला अवैध, तरी १७ ला मुंबईत सगळं ठीक. कागद जुळला, पण सहलीचे बहुतेक दिवस शरीरात संरक्षण नाही, आणि निघताना काउंटरवरचा माणूस हुज्जत घालणार ते वेगळं. तेच आदल्या दिवशी, ७ ला घेतली, तर दाखला वैध होणार १७ ला. काठावर पास, पण परतीचं तिकीट एक दिवस अलीकडचं असतं तर अडकले असते. म्हणून मी त्यांना सांगितलं, जुलैच्या मध्यावर उरकून टाका. धाकट्याला दुसरी एखादी जिवंत लस, समजा गोवर-गालगुंडाची, द्यायची असेल तर ती त्याच दिवशी किंवा मग चार आठवड्यांच्या अंतराने, हे केंद्रावर आधी बोलून घ्या.

पुस्तिका हातात आली की तिथेच उभं राहून वाचायची. घरी येऊन नव्हे. नुसता शिक्का चालत नाही, डॉक्टरांची हातची सही लागते. तुमचीही सही लागते, लहान मुलाच्या जागी आई किंवा वडील करतात. प्रत्येकाची पुस्तिका वेगळी, मुलाचं नाव आईच्या पुस्तिकेत चढवून भागत नाही. लसीचा बॅच नंबर आणि वैधतेची तारीख भरलेली हवी. खाडाखोड असेल तर दाखला नाकारता येतो, त्यामुळे चूक झाली तर गिरवून दुरुस्त न करता नवी पुस्तिका मागा. माझ्या हाताखालच्या एका पोरावर ब्राझीलच्या बंदरातून घरी परतताना हीच वेळ आली होती. तारखेतला २ गिरवून ३ केलेला, बाकी सगळं चोख. अर्धा दिवस फोनाफोनी झाली तेव्हा विमानात बसला. पासपोर्ट नवा काढला असेल आणि पुस्तिकेवर जुना नंबर असेल, तर रद्द झालेला पासपोर्टही सोबत ठेवा.

तिसरा मुद्दा २०१६ पर्यंत बरोबर होता. ११ जुलै २०१६ पासून जागतिक नियम बदलला आणि हा दाखला आयुष्यभरासाठी वैध झाला. जुन्या पुस्तिकांनाही तेच लागू आहे, त्यांच्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी. माझ्या २००९ च्या पुस्तिकेवर २०१९ लिहिलंय, ती आजही चालते. त्यामुळे घरात कुणी पूर्वी नायजेरियाला किंवा घानाला नोकरी केली असेल तर आधी कपाट उपसा. मुदत संपणारा दाखला दुसराच आहे. मुंब्रा-भिवंडीतून हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना सौदी अरेबियासाठी मेनिंजायटिसची लस लागते. ती तिथे पोचायच्या निदान १० दिवस आधी घ्यायची आणि लसीच्या प्रकाराप्रमाणे ३ किंवा ५ वर्षं चालते. पुस्तिका तीच पिवळी असते, म्हणून बहुधा ही सरमिसळ होते.

चौथ्या मुद्द्यावर मात्र मला नीट बोलायचंय, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अडुसष्ट वर्षांच्या आहेत. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. प्रमाण अगदी विरळ आहे, पण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि क्वचित ती यकृतावर किंवा मेंदूवर उलटते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, थायमस ग्रंथीचा आजार असेल किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ती देत नाहीत. निव्वळ वय हे मात्र नकाराचं कारण नाही. डॉक्टरांनी तपासून, जोखीम तोलून ठरवायचं असतं.

आता चिठ्ठी. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत तिची सोय आहे. लस का देता येत नाही ते डॉक्टरांनी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहून द्यायचं आणि उतरण्याच्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने ते विचारात घ्यायचं. विचारात घ्यायचं, एवढंच. चिठ्ठीवाल्याला आत सोडता येतं आणि तापावर लक्ष ठेवायला सांगता येतं, तसंच दाखला नसलेल्यासारखं विलगीकरणातही ठेवता येतं. निर्णय अधिकाऱ्याचा. चिठ्ठी घेऊन निघालेल्या माणसाने सहा दिवसांची औषधं आणि कपडे हातच्या बॅगेत ठेवावेत, असं माझं साधं मत आहे.

आजींसाठी दुसरी वाट निघाली. त्यांची मुलगी लंडनला असते. ब्रिटन यलो फीव्हरचा दाखला मागत नाही आणि आपले सहा दिवस केनिया सोडल्यापासून मोजले जातात. नैरोबीहून आजी लंडनला जातील, तिथे पंधरा दिवस राहून मुंबईत येतील, म्हणजे इथे दाखल्याचा प्रश्नच उरणार नाही. मधला देश कुठलाही चालेल असं समजू नका, केनियातून येणाऱ्याकडे तो देश काय मागतो ते आधी बघावं लागतं. आणि यातून फक्त कागदाचा प्रश्न सुटला, डासाचा नाही. आजींना माऱ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम लागेलच. यलो फीव्हरचा एडिस दिवसा चावतो, म्हणून नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

राहता राहिला पाचवा मुद्दा. पैसे भरून विलगीकरण टाळायची सोय नियमात नाही. मुळात अनेकांची गाडी त्याच्या आधीच अडते. नैरोबीच्या चेक-इन काउंटरवर विमान कंपनीच दाखला बघते आणि नसेल तर बसू देत नाही. मग नवं तिकीट आणि हॉटेलचे दिवस आपल्या खर्चाने. बसू दिलं तर मुंबईत आरोग्य अधिकारी इमिग्रेशनच्या आधी अडवतात आणि प्रवाशाला ठरलेल्या, डास शिरणार नाहीत अशा जागी ठेवतात. आपल्या घरी राहतो म्हटलं तर ऐकत नाहीत, कारण घरी डास आहेत.

किती दिवस, त्याचा हिशेब सरळ आहे. शेवटच्या संभाव्य संसर्गापासून ६ दिवस, किंवा दाखला वैध होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. १६ ऑगस्टला नैरोबी सोडलेला, लस न घेतलेला माणूस २२ तारखेला सुटेल. त्याने ९ ऑगस्टला लस घेतली असेल तर १९ ला. आणि मुंबईत उतरल्यावर तिथल्या तिथे टोचून घ्या, असं सुचवणारेही ग्रुपवर निघालेच. त्या लसीचा दाखला वैध होईल २७ ला, तोवर माणूस पाच दिवसांपूर्वीच घरी गेलेला असेल.