पन्नास पाहुणे, शंभर हात

लग्नात मुलीच्या मामाला ठरलेलं काम एकच असतं: मुलीला बोहल्यावर आणायचं आणि मागे उभं राहायचं. मी त्याच तयारीत होतो. पण मे महिन्यात, लग्नाच्या आदल्या दिवशी, सोसायटीच्या हॉलमध्ये हळद आणि संगीत एकाच दमात उरकायचं ठरलं आणि ताई म्हणाली, "खाण्याचं तू बघ. पन्नासच तर माणसं आहेत. जेवण नाहीच, नुसते स्नॅक्स. उभ्याउभ्या खातील."

या 'उभ्याउभ्या'त सगळी मेख आहे. पंगतीत माणसाला पान असतं, मांडी असते आणि दोन्ही हात मोकळे असतात. उभ्या माणसाच्या डाव्या हातात बशी आणि उजव्या हातात पेला. खायचं कशाने? वर कोणीतरी पाठीवर थाप मारून "ओळखलं का?" विचारणार. म्हणजे पेला बशीवर ठेवा, हात मिळवा, पेला उचला, आणि तेवढ्यात वडा घरंगळतो.

केटररकाकांनी यादी काढली तीत मिसळ होती, पावभाजी होती, दहीपुरी होती आणि 'लाइव्ह पाणीपुरी काउंटर' होतं. चवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी घरी बायकोच्या हातात बशी आणि पेला दिला, हॉलच्या मधोमध उभं केलं आणि म्हटलं, "आता मिसळ खा." ती म्हणाली, "आधी रस्सा वाढणार, की आधी माझी साडी ड्रायक्लीनिंगला देणार?" मिसळ बाद. दहीपुरी भरल्यापासून दोन-तीन मिनिटांत कोसळते, आणि ती गप्पा मारणाऱ्याच्या हातातच कोसळते. पाणीपुरी खाताना माणसाला कमरेत वाकावं लागतं. पैठणीत वाकणं सोपं नाही. शिवाय एक माणूस एका वेळी चार-पाच जणांनाच पुऱ्या देऊ शकतो, बाकीचे रांगेत, आणि रांगेतल्यांना नाच कोण दाखवणार?

मग कसोटी ठरली: एका घासात मावलं पाहिजे, चमचा लागता कामा नये आणि चटणी गळता कामा नये. या परीक्षेत सुरळीची वडी पहिली आली. मऊ, कोरडी, दात नसलेल्यांनाही चालते आणि खोबरं-कोथिंबीर तिच्या अंगावरच असते. दुसरी कोथिंबीर वडी, पण दीड इंचाचीच. आमच्याकडे आईच्या काळापासून वडीचा आकार पोस्टकार्डाच्या अर्ध्याइतका, तो कापायला काकांना फार जड गेलं. "साहेब, एवढीशी वडी द्यायची म्हणजे कंजूष दिसतो हो आपण." मी म्हटलं, मोठी वडी माणूस अर्धी खातो आणि उरलेली अर्धी हातात धरून जावयाला आशीर्वाद देतो.

तिसरा बटाटेवडा, लिंबाएवढा. चटणीचा प्रश्न भाचीने सोडवला. लाल लसणाची कोरडी चटणी सारणाच्या पोटात भरायची, वाटी ठेवायचीच नाही. वाटी दिसली की माणूस वडा बुडवतो, आणि वाटीपासून तोंडापर्यंतच्या प्रवासात हिरवा थेंब ठरलेला. हळदीला सगळे पिवळ्या कपड्यांत येणार होते. पिवळ्यावर हळद दिसत नाही, पण पुदिन्याची चटणी थेट टाळ्या वाजवत दिसते.

हिशेबही उभ्या माणसाचा वेगळा. पहिल्या तासात माणूस पाच-सहा तुकडे उचलतो, नंतर तीन, मग गप्पा. चारला हळद, सातला संगीत, हे धरून माणशी बारा तुकडे काढले, म्हणजे सहाशे. दाजींना हा आकडा ऐकून घाम फुटला. "सहाशे? आपण वऱ्हाड बोलावलंय की पलटण?" पण सहाशे एकदम तळायचे नसतात, आणि इथेच खरी गंमत आहे. तळून झाकून ठेवलेली कोथिंबीर वडी स्वतःच्या वाफेत अर्ध्या तासात चामडं होते. त्या गरम पाण्यावरच्या झाकणाच्या भांड्यात तर वड्याला घाम येतो आणि कव्हर सुटतं. म्हणून वड्या सकाळी उकडून, कापून तयार, आणि तळणं तिथल्या तिथे. एका घाण्यात वीस-पंचवीस, चार-पाच मिनिटं. दीडशे वड्यांचे सहा-सात घाणे, म्हणजे सगळं मिळून अर्धा तास. पण हा अर्धा तास नेमका कधी?

संगीतात नाचणारी मंडळी नाचाआधी काही खात नाहीत. पोट बाहेर येतं म्हणून नव्हे, असं त्या सांगतात. आणि शेवटचा ग्रुप डान्स संपला की पंधरा-वीस माणसं एकदम, घामाघूम, काउंटरवर तुटून पडतात. त्या क्षणी ताट रिकामं असेल तर मुलीकडच्यांची अब्रू गेली. म्हणून मी आचाऱ्याला गाण्यांची यादी लिहून दिली. आजीबाईंचं गाणं: कढई मंद. काका-काकूंचा नाच: तेल तापवा. मुलाकडच्यांचं चौथं गाणं सुरू झालं की घाणा सोडा. आचारी मोठा रसिक निघाला. तिसऱ्या गाण्याला तो स्वतःच झारा घेऊन दाराशी आला आणि त्या वेळचा एक घाणा जरा तांबूस झाला.

पेयांवर घरात दोन दिवस चर्चा झाली. काकांचा आग्रह पियुषचा. पियुष मला फार आवडतं, पण केटररला ते जास्त आवडतं: एक पेला पोटात गेला की पाहुणा वड्याकडे बघतही नाही. शिवाय मिशी असलेल्यांना पांढरी, नसलेल्यांनाही पांढरी. सोलकढी दाजींना हवी होती, पण मे महिन्यात नारळाचं दूध तीन-चार तास बाहेर राहिलं की खाली पाणी आणि वर तवंग. शेवटी पन्हं. माणशी दोन पेले, पेल्यात दीडशे मिली, म्हणजे पंधरा लिटर. दोन-अडीच किलो कैऱ्या उकडून, गूळ-वेलची घालून घट्ट गर आदल्या दिवशीच करून ठेवला. एक भाग गराला चार भाग पाणी. बर्फ पन्ह्यात टाकायचा नाही, पन्ह्याच्या पातेल्याला बर्फात बसवायचं. नाहीतर पहिल्याला पन्हं मिळतं आणि चाळिसाव्याला कैरीची आठवण.

आणि एवढं करून चहा लागतोच. "उन्हाळा आहे, कोणी चहा घेणार नाही," असं म्हणणारा माणूस आपल्यातला नाही. पाच लिटर चहा मी गृहीतच धरला होता. आचाऱ्याला एकच सांगितलं की आलं आधी पाण्यात उकळू दे आणि दूध नंतर. कच्चं आलं दुधात पडलं की पन्नास माणसांचा चहा फाटतो, आणि मग शकुन-अपशकुनाची चर्चा होते.

हळदीने मात्र माझ्या सगळ्या गणिताला वेगळाच रंग दिला. पन्नास पाहुण्यांचे शंभर हात मी धरले होते. मुलाकडून उष्टी हळद आली, पाच सुवासिनींनी ती लावली, इथवर शिस्त होती. नंतर मुलीच्या मावसभावांनी वाटी हातात घेतली आणि दहा मिनिटांत हॉलमध्ये एकही स्वच्छ हात उरला नाही. हळद तेलात कालवलेली असते, त्यामुळे पेला निसटतो. सुदैवाने पेले कागदी होते, त्यामुळे फुटलं काही नाही, फक्त पन्हं सांडलं. नवरीच्या हातावर मेंदी, तोंडावर हळद, त्यामुळे तिला खाऊ घालायला माणूस लागतो. हे काम माझ्याकडे आलं. प्रत्येक वडीत टूथपिक खोचलेली होती, म्हणून हळदीच्या हातांनीही खाता येत होतं. फक्त वापरलेल्या काड्या टाकायला जागा हवी, हे लक्षात असू द्या. मी प्रत्येक टेबलाजवळ डबा ठेवला होता, तरी काही काड्या मोगऱ्याच्या गजऱ्यात सापडल्या.

त्या दिवशी संकष्टी होती, हे गुरुजींनी तारीख काढताना सांगितलं होतं, पण स्वयंपाकाच्या संदर्भात कोणी ऐकलं नव्हतं. सात जणांना उपास. त्यांच्यासाठी साबुदाणा वडा, तोही गरमच, कारण गार झाला की तो रबराचा चेंडू. पण चंद्र निघाल्यावर उपास सोडायचा होता, आणि मे महिन्यात पुण्यात तो दहाच्या सुमारास निघतो. त्यामुळे संगीताच्या मध्यावर सात माणसं गच्चीवर, मोबाइलवर चंद्रोदय बघत, आणि खाली त्यांचा मसालेभात झाकलेला.

हो, मसालेभात. तो मेनूत घुसवला मुलीच्या आत्याबाईंनी. सहाशे तुकड्यांचा हिशेब शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, पण जेवण कधी?" मी सांगितलं, बारा तुकडे म्हणजे जेवणच. "ते खाणं झालं. जेवण कधी?" तेव्हा तीन किलो तांदळाचा भात, छोट्या वाटीत, वर खोबरं-तूप. वाटी डाव्या हातात, चमचा उजव्या हातात, पेला घ्यायचाच नाही, त्यामुळे उभ्याने जमलं. पंधरा खुर्च्या ज्येष्ठांसाठी वेगळ्या मांडल्या होत्या. त्यांवर भाचीच्या मैत्रिणी बसल्या, चपला काढून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघायच्या गडबडीत हॉलचा रखवालदार टेबलावरच्या पांढऱ्या चादरी घेऊन आला. हळदीचे डाग बघून त्याने त्या साबणाच्या पाण्यात टाकल्या होत्या, आणि डाग लालभडक झाले होते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच हिशेबाने. ताईला तो शकुन वाटला, रखवालदाराला खून. डिपॉझिट परत मिळणं अवघड दिसत होतं. मी त्याला सांगितलं की साबण धुऊन टाक आणि चादरी गच्चीवर कडक उन्हात घाल, हळदीचा रंग उन्हात उडतो. त्याचा विश्वास बसेना. मग मी चारही चादरी स्वतः वाळत घातल्या, टोपी घातली आणि अक्षता पडायच्या आत उलटायला कोण येणार, हे दाजींना विचारायला कार्यालयात गेलो.

"तूच ये," दाजी म्हणाले, "मामाचं काम फक्त मुलीला बोहल्यावर आणायचं. तोवर तू मोकळाच आहेस."